निकालाची शीट दर सत्राला परत का येते, आणि नवीन साच्यात नंबरांना हात का लावायचा नाही

मॅडम, नमस्कार.

परवा तुम्ही ऑफिसात येऊन विचारलंत की आमच्या विभागाची शीट दर सत्राला परत का पाठवता, आणि आता हा सगळ्यांना एकच साचा कशाला काढलाय. तेव्हा काउंटरवर फॉर्म भरणाऱ्यांची रांग होती, त्यामुळे मी नुसतं "नंबर जुळत नाहीत हो मॅडम" एवढंच म्हटलं आणि तुम्ही वैतागून गेलात. वैतागणं बरोबरच आहे, कारण तुमच्याकडे शीट उघडली की नंबर दिसतात, सगळे १६ आकडी दिसतात, मग जुळत नाहीत म्हणजे काय. म्हणून सविस्तर लिहितोय. विभागातल्या बाकी सरांना आणि मॅडमना पण हे वाचायला दिलंत तर चालेल, उलट द्याच.

आधी मागच्या सत्रात नेमकं काय झालं ते सांगतो, कारण त्यात अर्धी चूक माझी आहे आणि ती मी तुम्हाला तेव्हा पूर्ण सांगितली नव्हती.

तुमच्याकडून ६२ विद्यार्थ्यांची शीट आली. आमच्याकडे मुख्य यादी असते, तिच्यात नोंदणी क्रमांक असतो, आणि तुमच्या शीटमधून त्या क्रमांकावरून `VLOOKUP` लावून मार्क ओढून घ्यायचे अशी आमची पद्धत आहे. लावलं तर ६२ च्या ६२ ओळींत `#N/A`. म्हणजे एकही नंबर सापडला नाही. डोळ्याने बघितलं तर दोन्हीकडे नंबर तसाच दिसतोय. मग लक्षात आलं की आमच्या यादीत नंबर मजकूर म्हणून ठेवलेत आणि तुमच्या शीटमध्ये ते संख्या म्हणून बसलेत, आणि एक्सेलला मजकुरातला नंबर आणि संख्येतला नंबर या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. संध्याकाळचे सहा वाजले होते, दुसऱ्या दिवशी लेजर द्यायचं होतं, तर मी काय केलं, आमच्या यादीतला कॉलम सिलेक्ट केला, त्या हिरव्या त्रिकोणावर क्लिक करून `Convert to Number` केलं आणि परत फॉर्म्युला लावला. सगळ्या ओळींत मार्क आले, एकही `#N/A` नाही, मी खूश होऊन घरी गेलो.

सकाळी प्रिंट काढताना बघतो तर पहिल्या नऊ जणांना ४१, पुढच्या दहा जणांना ५६, त्याच्या पुढच्या दहा जणांना ३८. अख्ख्या वर्गात मिळून सात वेगवेगळे मार्क. नशीब की प्रिंट अजून टेबलावरच होती.

झालं असं होतं की एक्सेल कुठल्याही संख्येचे फक्त १५ आकडे लक्षात ठेवतं. सोळावा आकडा असेल तर तो शून्य करून टाकतं, आणि ते करताना काही विचारत नाही की सांगत नाही. आपला नोंदणी क्रमांक नेमका १६ आकडी. समजा वर्गाचे नंबर असे आहेत (हे उदाहरणासाठी घेतलेत, खरे नाहीत):

```
2023015400127431
2023015400127432
...
2023015400127492
```

हे ६२ नंबर संख्या म्हणून टाकले की 7431 पासून 7439 पर्यंतच्या नऊ जणांचा नंबर 7430 होतो, 7440 ते 7449 या दहा जणांचा 7440 होतो, असं करत करत शेवटच्या तिघांचा 7490. नऊ, मग दहाचे पाच गट, मग तीन, झाले ६२. म्हणजे ६२ जणांचे मिळून सातच नंबर उरले. आणि `VLOOKUP` ला एकच नंबर दहा ठिकाणी दिसला तर ते वरून पहिला जो सापडेल त्याचे मार्क उचलतं, म्हणून प्रत्येक गटातल्या पहिल्या मुलाचे मार्क सगळ्या गटाला गेले. तुमच्या शीटमध्ये नंबर आधीच कापले गेलेले होते, तेव्हा आमच्याकडचे मजकुरातले नंबर शाबूत होते म्हणून जुळत नव्हते, आणि मी जुळावेत म्हणून आमचेही कापले. `#N/A` येत होतं तेच बरोबर होतं, ती एरर आपल्याला अडवत होती आणि मीच तिला बाजूला सारून पुढे गेलो.

आता तुमच्याकडे नंबर कापले कसे गेले, तर यात कुणी मुद्दाम काही केलेलं नाही. कुणीतरी नवीन कोऱ्या शीटमध्ये नंबर टाइप केले असणार किंवा कुठून तरी कॉपी करून आणले असणार. कोऱ्या शीटचा सेल `General` असतो, त्यात १६ आकडे टाकले की ते `2.02302E+15` असं काहीतरी दिसतं. ते बघून माणूस घाबरतो, मग कुणीतरी सांगतं की फॉरमॅटमध्ये जाऊन `Number` कर आणि दशांश शून्य कर, तसं केलं की पूर्ण नंबर दिसायला लागतो आणि सगळ्यांना वाटतं झालं दुरुस्त. पण दिसतो तो `2023015400127430`, शेवटचा आकडा एंटर दाबला त्या क्षणीच गेला. त्यानंतर कॉलम `Text` केला तरी तो परत येत नाही, कारण एक्सेलकडे तो आकडा शिल्लकच नाही. ओळखायची सगळ्यात सोपी खूण हीच, कॉलमवरून नजर फिरवा, सगळे नंबर शून्यानेच संपत असतील तर कॉलम गेलेला आहे, त्याला दुरुस्त करत बसू नका, मूळ यादीवरूनच परत घ्या.

सीट नंबरचं दुखणं यासारखंच पण त्यापेक्षा हलकं. आपला सीट नंबर पाच आकडी, सुरुवातीला शून्य, म्हणजे `04117`. तो `General` सेलमध्ये टाकला की `4117` होतो. पण इथे गेलेला शून्य परत आणता येतो, कारण आपल्याला माहीत आहे की नंबर पाच आकडीच असतो आणि जे गेलंय ते शून्यच आहे:

```
=TEXT(B2,"00000")
```

सोळावा आकडा मात्र शून्य ते नऊ यातला कुठलाही असू शकतो, त्यामुळे तो कुठल्याच फॉर्म्युल्याने येत नाही. दोन्हीला एकच औषध आहे असं समजून मागे एका विभागातून सगळे नंबर असे "दुरुस्त" करून आले होते, ते बघून डोक्याला हात लावला.

म्हणून नवीन साच्यात मुख्य बदल हा की नंबर आणि नाव तुम्ही टाकायचंच नाही. ऑफिसातून प्रत्येक विषयाची एक फाइल येईल, तिच्यात `DATA` नावाची शीट, पहिल्या ओळीत कॉलमची नावं आणि दुसऱ्या ओळीपासून विद्यार्थी. `A` मध्ये नोंदणी क्रमांक, `B` मध्ये सीट नंबर, `C` मध्ये नाव, हे तिन्ही भरलेले आणि लॉक केलेले. `D` मध्ये इंटर्नल ३० पैकी, `E` मध्ये लेखी ७० पैकी, हे दोनच तुम्ही भरायचे. `F` मध्ये एकूण आपोआप येतं आणि तेही लॉक आहे, `G` मध्ये शेरा लिहायला जागा मोकळी आहे. बस एवढंच, वर कॉलेजचं नाव नाही, विभागाचं नाव नाही, सह्यांची जागा नाही, त्या सगळ्यासाठी प्रिंटची वेगळी शीट आहे ती `DATA` वरून स्वतःच भरते. तुमच्या जुन्या शीटला वरती सुंदर हेडिंग होतं, तीन ओळी जोडून केलेलं, ते गेलं याचं वाईट वाटणार मला माहीत आहे.

नंबरांच्या कॉलममध्ये प्रत्येक सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल. तो चूक नाही, एक्सेल सांगतंय की इथे संख्या मजकूर म्हणून ठेवलीय, आणि आपल्याला तेच हवंय. त्याच्यावर क्लिक करून `Convert to Number` कुणी करू नये (मी केलं तेच). शीट लॉक असल्यामुळे ते होणारही नाही, पण कुणी सगळं कॉपी करून दुसऱ्या फाइलमध्ये नेलं की लॉक तिथे जात नाही, आणि मग परत पहिले पाढे पंचावन्न.

हीच गोष्ट सीएसव्हीची. काही जण फाइल हलकी होते म्हणून सीएसव्ही करून पाठवतात. सीएसव्हीमध्ये `Text` फॉरमॅट वगैरे काही साठत नाही, ती फाइल डबल क्लिक करून उघडली की एक्सेल सगळे नंबर नव्याने संख्या म्हणून वाचतं, सीट नंबरचा शून्य उडतो आणि सोळावा आकडा पण उडतो. आणि तशी उघडलेली फाइल कुणी सेव्ह केली की झालं. त्यामुळे फाइल आली त्याच `.xlsx` मध्येच परत पाठवायची, नाव पण बदलायचं नाही. "फायनल", "फायनल नवीन", "फायनल हीच घ्या" अशा तीन फाइली एका विषयाच्या आल्या होत्या, त्यातली मधलीच खरी निघाली.

आता सॉर्टचं. पहिली तक्रार हीच येणार आहे की शीट सॉर्ट होत नाही. होत नाही कारण लॉक केलेले सेल सॉर्टमध्ये आले की एक्सेल नकार देतं, आणि ते आम्ही माहीत असून ठेवलंय. तुमच्या जुन्या साच्यात नाव आणि मार्क यांच्यामध्ये एक बारीक रिकामा कॉलम होता, दिसायला छान वाटावं म्हणून. एक्सेलला मध्ये पूर्ण रिकामा कॉलम दिसला की ते समजतं इथे तक्ता संपला. मग नावांवर क्लिक करून ए टू झेड केलं की नंबर आणि नावं हलतात आणि मार्क जागच्या जागी राहतात, म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याचेच मार्क. नेहमी जी सूचना येते ना, बाजूचा डेटा पण घेऊ का म्हणून, ती पण अशा वेळी येत नाही कारण त्याच्या मते बाजूला काही नाहीच. आणि बेरीज तीच राहते, सरासरी तीच राहते, त्यामुळे कुठल्याच हिशोबात हे सापडत नाही, मुलगा स्वतः येऊन "मला एवढे कसे" म्हणतो तेव्हाच कळतं. आणि ज्याला जास्त मिळालेत तो काही येत नाही सांगायला.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वेगळ्या क्रमाने असतात हे मान्य आहे, प्रत्येक वेळी ओळ शोधत बसायला वेळ जातो. त्यासाठी `Ctrl+F` दाबून सीट नंबर टाकायचा, सरळ त्या ओळीवर जातो, किंवा वरच्या हेडिंगला फिल्टर लावून ठेवलाय तो वापरायचा, फिल्टर चालू ठेवलेला आहे, त्याने ओळी फक्त लपतात, जागा बदलत नाहीत.

यानंतर गैरहजरांचं, यावर गेल्या वेळी तुमची आणि माझी थोडी वादावादी झाली होती. तुमच्या शीटमध्ये चार जण गैरहजर होते. एकाच्या पुढे `AB` होतं, एकाच्या पुढे आडवी रेघ, एकाचा सेल रिकामा आणि एकाला `0`. तीन सरांनी मिळून भरलेली शीट असेल तर असं होणारच. पण एक्सेल रिकाम्या सेलला आणि अक्षरांना सरासरीत धरत नाही, शून्याला मात्र धरतं. चौघांनाही शून्य टाकलं असतं तर काय झालं असतं बघा, ५८ जणांनी परीक्षा दिली, त्यांची बेरीज समजा २४३६, म्हणजे सरासरी ४२. तीच बेरीज ६२ ने भागली की ३९.२९. विभागाची सरासरी पावणेतीन मार्कांनी खाली, आणि वर चार जण गैरहजर न राहता नापास. त्या मुलाच्या दृष्टीने तर शून्य आणि गैरहजर यात फारच फरक आहे.

तर साच्यात तीनच गोष्टी. `0` म्हणजे परीक्षेला बसला आणि शून्य मिळाले. `AB` म्हणजे आला नाही. रिकामा म्हणजे अजून भरायचंय, आणि रिकामा सेल असेल तोपर्यंत एकूणचा सेल पण रिकामाच राहील, शीट आम्ही घेणार नाही. `D` आणि `E` कॉलमला नियम लावलाय, `E` चा असा आहे:

```
=IF(ISNUMBER(E2),AND(E2>=0,E2<=70,E2=INT(E2)),EXACT(E2,"AB"))
```

म्हणजे शून्य ते सत्तरमधला पूर्ण आकडा किंवा मोठ्या अक्षरात `AB`, दुसरं काही टाकलं की घेणार नाही. `AB` नंतर चुकून स्पेस पडली तरी घेणार नाही, आणि याचा लोकांना राग येतो कारण स्पेस दिसत नाही. सेलवर जाऊन `Delete` करून परत टाका म्हणजे होईल. अर्धे मार्क पण घेत नाही, ३४.५ चे ३५ करायचे की ३४ हे विभागाने आधी ठरवून मगच आकडा भरावा, ऑफिसने ते ठरवू नये असं माझं मत आहे. सुरुवातीला मी हा नियम `OR` वापरून लिहिला होता तर `AB` पण नाकारत होता, कारण `AB` चा `INT` काढायला गेलं की एरर येते आणि त्या एररमुळे पूर्ण नियमच बाद होतो. कुणाला आपला स्वतःचा साचा करायचा असेल तर एवढं लक्षात ठेवा.

एकूणचा फॉर्म्युला हा:

```
=IF(COUNTA(D2:E2)<2,"",IF(E2="AB","AB",SUM(D2:E2)))
```

लेखीला गैरहजर असेल तर एकूणमध्ये `AB` येतं, इंटर्नल भरलेलं असलं तरी. उलट इंटर्नलला `AB` आणि लेखी दिलेली असेल तर नुसते लेखीचे मार्क येतात. इथे `SUM` मुद्दाम वापरलंय, `D2+E2` केलं तर अक्षरामुळे `#VALUE!` येतं, तुमच्या जुन्या शीटमध्ये तेच होतं आणि मग कुणीतरी तो फॉर्म्युला पुसून हाताने आकडा टाकायचं.

पण हा नियम टाइप करतानाच चालतो, पेस्ट करताना नाही. दुसऱ्या शीटमधून मार्कांचा कॉलम उचलून इथे पेस्ट केला तर एक्सेल ९५ पण घेईल आणि आडवी रेघ पण घेईल, आणि साधं पेस्ट केलं तर आमचा नियमच त्या सेलमधून निघून जाईल. त्यामुळे शक्यतो टाइप करा. अगदीच पेस्ट करायचं असेल तर `Paste Special` मधून `Values` घ्या म्हणजे नियम तरी जागेवर राहतो, आणि नंतर `Data` टॅबमध्ये `Data Validation` च्या बाणाखाली `Circle Invalid Data` आहे ते दाबा, नियमात न बसणाऱ्या सेलभोवती लाल गोल येतात. शीट लॉक असताना ते दाबता आलं नाही तर तशीच आमच्याकडे पाठवा, आम्ही दाबून सांगतो. हो, आणि रंगांचं राहिलं. पिवळा म्हणजे तपासलं, हिरवा म्हणजे फेरतपासणी, गुलाबी म्हणजे काय ते गुलाबी करणाऱ्या सरांनाच माहीत, पण फॉर्म्युल्याला रंग वाचता येत नाही, जे काही सांगायचंय ते `G` मध्ये शब्दांत लिहा.

फाइलमध्ये दुसरी शीट आहे `CHECK` नावाची. पाठवायच्या आधी ती उघडायची, तिथे पहिल्याच ओळीत एक आकडा दिसतो, तुमच्या वर्गासाठी तो ६२ यायला पाहिजे:

```
=SUMPRODUCT(--ISTEXT(DATA!A2:A63),--(LEN(DATA!A2:A63)=16))
```

हा मोजतो की किती नोंदणी क्रमांक अजून मजकूर आहेत आणि बरोबर १६ अक्षरांचे आहेत. ६२ पेक्षा कमी आला तर कुणीतरी नंबरांना हात लावलाय, मग दुरुस्त करू नका, मला सांगा, मी नवीन फाइल देतो आणि मार्क तेवढे हलवून घेऊ.

इथे एक गंमत सांगतो जी शोधायला माझा अख्खा दुपारचा वेळ गेला. नंबर पुन्हा आलेत का ते बघायला आपण सगळे `COUNTIF` वापरतो. मी सगळे नंबर व्यवस्थित मजकुरात घेतले आणि `COUNTIF` लावला, तरी नऊ, दहा, दहा असेच आकडे आले. मला वाटलं परत कापले गेले की काय. पण नाही, नंबर शाबूत होते, `COUNTIF` स्वतःच मजकुरातल्या नंबराला आतल्या आत संख्या करून बघतं आणि मग पंधरा आकड्यांपर्यंतच तुलना होते. म्हणजे बरोबर शीटला पण ते चूक म्हणतं. त्याच्या जागी हे वापरलं की मजकूर मजकूर म्हणूनच ताडून बघितला जातो आणि प्रत्येक ओळीत १ येतो:

```
=SUMPRODUCT(--(DATA!$A$2:$A$63=DATA!A2))
```

तुमच्या विभागात कुणी असं तपासून "ऑफिसनेच डबल नंबर दिलेत" म्हणालं तर त्यांना हे दाखवा.

आता या साच्याने काय होत नाही ते पण सांगून ठेवतो, नाहीतर पुढच्या सत्रात तुम्ही म्हणाल एवढं करून पण चूक निघाली. ३६ च्या जागी ६३ टाकले तर साचा घेईल, कारण ६३ पण सत्तरच्या आतच आहे. त्यासाठी जुनी पद्धतच बरी, परीक्षकाच्या हाताने लिहिलेल्या मार्कशीटची बेरीज आधी कॅल्क्युलेटरवर काढायची आणि `E` कॉलमच्या बेरजेशी लावायची, `CHECK` मध्ये दुसऱ्या ओळीत ती बेरीज दिसते. जुळली नाही तर फरक किती आहे बघा. फरकाला नऊने पूर्ण भाग जात असेल तर बहुतेक कुठेतरी दोन आकडे उलटे पडलेत, ३६ चे ६३ झाले की फरक २७, ५४ चे ४५ झाले की ९. खात्यांचं काम केलेले जुने लोक हे न बघता सांगायचे. २७ चा फरक असेल तर ज्या मार्कांच्या दोन आकड्यांमध्ये तीनचा फरक आहे तेवढेच शोधायचे, म्हणजे १४, २५, ३६ आणि त्यांचे उलटे, आणि शून्य धरून ३० पण, कारण ३० चे चुकून ०३ म्हणजे ३ होतात. ६२ ओळी परत वाचण्यापेक्षा हे लवकर होतं. नऊने भाग नाही गेला तर मात्र एखादा राहिलाय किंवा वेगळाच आकडा पडलाय, मग सगळं वाचावंच लागतं.

आणि दोन विद्यार्थ्यांचे मार्क एकमेकांच्या ओळीत गेले तर बेरीज पण जुळते आणि सगळं बरोबर दिसतं. याला एकानं सीट नंबर आणि मार्क मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्यानं स्क्रीनवर बघायचं, याशिवाय उपाय माझ्याकडे नाही. नाव वाचू नका, सीट नंबर वाचा, एकाच आडनावाचे चार चार जण असतात वर्गात. ६२ जणांना साधारण दहा मिनिटं लागतात, आणि वाचणारा तोच नको ज्याने टाइप केलंय, स्वतःची चूक माणूस बरोबरच वाचतो.

तुमच्या विभागाच्या फाइली आज मेल केल्यात, विषयवार. शीटचा पासवर्ड मुद्दाम दिलेला नाही, कुणी मागितला तर माझ्याकडे पाठवा. एखादा विद्यार्थी यादीत नसेल, उशिरा प्रवेश झालेला किंवा मागचा विषय राहिलेला, तर खाली नवीन ओळ घालू नका, घालताच येणार नाही, `G` मध्ये कुठल्याही ओळीत लिहा की अमुक सीट नंबर यादीत नाही, आम्ही वाढवून नवीन फाइल देऊ.

एक शेवटचं काम. मागच्या सत्राची तुमच्याकडची जुनी शीट, ती शून्याने संपणाऱ्या नंबरांची, अजून विभागाच्या कॉम्प्युटरवर असेल. तिच्यातले मार्क बरोबर आहेत पण नंबर सगळे गेलेले आहेत, आणि फेरतपासणीच्या वेळी कुणीतरी घाईत तीच उघडणार. फाइलच्या नावात पुढे "नंबर चुकीचे" एवढं लिहून ठेवायला सांगा. आमच्याकडची मी ठेवलीच नाही, लेजर परत केलं त्याच दिवशी काढून टाकली.

आपला,
परीक्षा विभागातला क्लार्क
(खिडकी क्रमांक २ वर असतो, दुपारी तीननंतर गर्दी कमी असते)